तीस ठोके

विशाखा खरातला कंपनीने इंदापूरच्या बाजूच्या त्या साखर कारखान्यावर पाठवलं, त्याला तिच्या कामापेक्षा तिचं गाव जास्त कारण होतं. गाळप हंगाम चालू झाला की कारखाना रात्रंदिवस चालतो. उसाची वजनं घेणारा प्रोग्रॅम पुण्याच्या या कंपनीने लिहिलेला होता आणि तो रात्री बंद पडला तर उठून बघायला कुणीतरी जवळ हवं होतं. कंपनीतल्या बाकीच्या पोरांनी आजारपणं, लग्नं, परीक्षा पुढे केल्या. देशमाने सर, म्हणजे तिचे वरिष्ठ, तिला म्हणाले, "तुझं घर बारामतीजवळ पिंपळीला ना? मग काय, घरचं जेवून ड्युटी कर."

पिंपळीहून कारखाना तसा लांबच होता. ती संध्याकाळच्या एस.टी.ने यायची, रात्रभर संगणक विभागात बसायची आणि सकाळच्या गाडीने परत जायची. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुलगी रात्रपाळी करते याबद्दल भावकीत बोललं गेलं, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की दवाखान्यातल्या नर्सही रात्रपाळी करतात. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

१९९७ सालचा हंगाम होता. कारखान्यात दोन वजनकाटे होते. एक मोठा, ट्रक आणि ट्रॅक्टरचा, आणि दुसरा बैलगाड्यांचा. ट्रककाट्यावर संगणक आदल्या वर्षीच बसला होता. बैलगाडी काट्यावर या हंगामात बसवला. गाडी लोखंडी फलाटावर उभी राहिली की केबिनमधल्या यंत्रावर लाल आकडे दिसत. कारकून कळ दाबायचा, संगणक यंत्राकडून वजन घ्यायचा आणि पावती छापायचा. सगळा मिळून काही क्षणांचा खेळ.

पहिले काही आठवडे तो खेळ नीट चालला. मग बैलगाडी काट्यावरचा प्रोग्रॅम मधेच मरू लागला.

तो मरायचा तो एका क्षणात. कारकुनाने कळ दाबली की पडदा कोरा व्हायचा, प्रोग्रॅम आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि मागची पावती अर्धवट राहिली आहे, अधिकाऱ्याचा पासवर्ड द्या, म्हणून अडून बसायचा. पासवर्ड शेती अधिकारी घोगरे साहेबांकडे. ते कारखान्याच्या वसाहतीत राहायचे. वॉचमन सायकलवर जाऊन त्यांना उठवायचा, ते स्वेटर चढवून यायचे, चार अक्षरं टाकायचे आणि परत जायचे. तोपर्यंत फलाटावरची गाडी अडकलेली आणि तिच्यामागे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. एकदा तर गव्हाणीत, म्हणजे मिलमध्ये ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकायला ऊसच पोचला नाही आणि मिल थांबवावी लागली. मिल थांबली की कारखान्यात सगळ्यांना कळतं, कारण आवाज बंद होतो.

हे कधी आठवड्यातून दोनदा व्हायचं, कधी तीनदा. दरवेळी मध्यरात्रीनंतर.

म्हणून विशाखाचा पहिला संशय तारखेवर गेला. बारा वाजता तारीख बदलते, तिथे काही चुकत असेल. तिने दुपारी लवकर येऊन, काटा रिकामा असताना, संगणकाचं घड्याळ बाराच्या अलीकडे लावलं आणि बारा वाजू दिले. तारीख बदलली. पुढची पावती नवीन तारखेने निघाली. काहीही झालं नाही.

"ते दोन हजार सालाचं काय म्हणत्यात, त्यातलं तर न्हाय ना हे?" घोगरे साहेबांनी विचारलं. त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"त्याला अजून वेळ आहे, साहेब," ती म्हणाली.

दुसरा संशय विजेवर. मिलच्या मोटरी सुरू होताना दाब खाली जातो हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिने इलेक्ट्रिशियनला सांगून काट्याच्या संगणकाला वेगळा स्टॅबिलायझर लावून घेतला. दोन रात्री शांत गेल्या. तिसऱ्या रात्री प्रोग्रॅम पुन्हा मेला, आणि त्या वेळी दाब अगदी बरोबर होता.

मग घोगरे साहेबांनी आपला निष्कर्ष काढला. तिन्ही पाळ्यांत तीन कारकून. संगणक बंद पडतो तो फक्त सोपानच्या पाळीत. कुंडलिक दुसऱ्या पाळीला असतो, त्याच्या हातून एकदाही बंद पडला नाही. मग यंत्र वाईट कसं?

सोपान पळसदेवचा. बारावी झालेला, तीन हंगाम काट्यावर काम केलेला, पण अजून हंगामीच. धरणाच्या फुगवट्यात त्यांची जमीन गेली, तिच्याऐवजी मिळालेल्या रानात भाऊ ऊस लावायचा आणि हा हंगामात कारखान्यावर यायचा. त्याच्याइतक्या भराभर पावत्या कुणी काढत नसे. मध्यरात्रीनंतर बैलगाड्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते, म्हणून त्याला मुद्दाम तिसरी पाळी दिली होती.

घोगरे साहेबांनी त्याला विशाखासमोरच बोलावून सांगितलं, "तू कायतरी खेळतोस त्या डब्याशी. गेम-बीम घालतोस का त्यात?"

"न्हाय साहेब. आईची आन."

"आईला कशाला आणतोस मधी? आता परत बंद पडलं तर गाडीतळावर टोकन वाटायला जायचं. कळलं?"

सोपानने विशाखाकडे पाहिलं. गाडीतळ म्हणजे उघड्यावर, चिखल, शेण, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही.

त्या संध्याकाळी तिने एक साधी गोष्ट केली. प्रोग्रॅम मेला की तो पुन्हा सुरू करणारी एक छोटी फाईल होती. सुरू करण्याआधी पडदा पुसून टाकायचा, अशी त्या फाईलमध्ये एक ओळ होती. ती कुणीतरी पडदा स्वच्छ दिसावा म्हणून घातली असणार. मरताना प्रोग्रॅम काही बोलत असेल तर ते त्या ओळीमुळे पुसलं जात होतं. विशाखाने ती ओळ काढली आणि तिच्या जागी, कळ दाबेपर्यंत थांब, अशी दुसरी घातली. मग संगणक विभागात न बसता ती काट्याच्या केबिनमध्ये स्टूल घेऊन बसली.

सोपान तिच्याशी फारसं बोलला नाही. खिडकीबाहेर हात काढून टोकन घ्यायचा, आकडे टाकायचा, कळ दाबायचा, पावती फाडून द्यायचा. एक गाडी उतरते न उतरते तोच दुसरी फलाटावर. बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. गाडीवान बहुतेक बीड-आष्टीकडचे, डोक्याला मफलर बांधलेले, काहींच्या बायका मागे उसावरच झोपलेल्या.

पहाटेच्या सुमारास गेणबा नावाच्या गाडीवानाची गाडी आली. त्याचा उजवा बैल नवीन होता, लोखंडी फलाट त्याला आवडत नव्हता. तो पाय उचलून परत तिथेच टाकत होता. सोपानने टोकन घेतलं, नंबर टाकला, कळ दाबली.

पडदा जिथल्या तिथे थांबला. खाली कोपऱ्यात इंग्रजीत दोनच शब्द होते. भागाकारात चूक.

"हातबी लावला न्हाय मी कशाला," सोपान म्हणाला. "तुमी बघितलं न्हवं?"

"बघितलं," विशाखा म्हणाली. "तुम्ही फक्त कळ दाबलीत."

"आता साहेबांना कोण सांगणार?"

वॉचमन निघालाच होता. गेणबाने खालून हाक मारली, "आवो पाव्हणं, बैल किती उभं करायचं हितं?" सोपानने त्याला काहीतरी उत्तर दिलं. घोगरे साहेब आले, पासवर्ड टाकला, कुणाशीही न बोलता पावती निघेपर्यंत थांबले आणि जाताना सोपानला म्हणाले, "उद्यापास्नं गाडीतळ."

पडद्यावरच्या त्या दोन शब्दांवर अजून काहीच सिद्ध होत नव्हतं. विशाखा संगणक विभागात परतली.

भागाकारात चूक म्हणजे कशाला तरी शून्याने भागलं गेलं. प्रोग्रॅममध्ये भागाकार मोजकेच होते. एकेक करत ती वजन घेण्याच्या भागापाशी आली. काट्याचं यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवतं आणि प्रत्येक आकड्यासोबत एक खूण येते, वजन स्थिर आहे की हलतंय याची. प्रोग्रॅम हलते आकडे सोडून देतो, स्थिर आकडे पाच जमले की त्यांची सरासरी काढतो. ठरलेल्या वेळात पाच जमले नाहीत तर जेवढे जमले तेवढ्यांची सरासरी. बेरीज भागिले संख्या. एकही जमला नाही तर संख्या शून्य. या शक्यतेचा लिहिणाऱ्याने विचारच केला नव्हता.

पण एकही कसा जमणार नाही? वाट बघायची मुदत सेटिंगच्या फाईलमध्ये होती, तीस. तीस सेकंदांत कुठलाही बैल क्षणभर तरी गप उभा राहतो. आणि तिने स्वतः पाहिलं होतं, गेणबाच्या गाडीच्या वेळी तीस सेकंद गेलेच नव्हते. कळ दाबली आणि जेमतेम श्वास घेतला तोच पडदा थिजला.

म्हणजे तीस होते, पण सेकंद नव्हते.

तिने मुदत मोजणाऱ्या ओळी पुन्हा वाचल्या. जुन्या आवृत्तीत वेळ सेकंदांत मोजली जायची. या हंगामासाठी देशमाने सरांनी तो भाग नव्याने लिहिला होता, आणि त्यात वेळ संगणकाच्या घड्याळाच्या ठोक्यांत मोजली होती. हे ठोके सेकंदाला अठराच्या किंचित वर पडतात. सेटिंगची फाईल मात्र ट्रककाट्याची जुनीच उचलून इथे आणली होती. तीस ठोके म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत.

ट्रककाट्यावरही आता हाच प्रोग्रॅम होता, पण ट्रकला तेवढे पुरत होते. ट्रक उभा राहिला की उभाच राहतो. आणि दुसऱ्या पाळीत कुंडलिक गाडी फलाटावर आली की आधी तंबाखू मळायचा, मग आकड्यांकडे बघायचा आणि मग कळ दाबायचा. तोपर्यंत बैल स्थिरावलेले असत. सोपान भराभर दाबायचा, गर्दी वाढल्यापासून तर जास्तच. एखादा बैल बुजरा निघाला की ते दोन सेकंद नुसते हलत्या आकड्यांत संपत.

दिवस उजाडताना गाड्यांची रांग सरली. विशाखा काट्याकडे गेली तेव्हा सोपान डबा पिशवीत भरत होता.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मी फलाटावर जाते. मी सांगेन तेव्हा कळ दाबा."

"कशापायी?"

"मी बैल होते."

तो हसला नाही, पण थांबला. तिने पायातल्या चपला काढल्या आणि रिकाम्या फलाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लोखंड गार होतं. "दाबा," ती ओरडली. तिच्या वजनाची पावती निघाली. मग ती फलाटावर इकडून तिकडे भराभर फिरू लागली, मधेच उड्या मारू लागली. बॉयलरकडून घरी निघालेले दोघे कामगार सायकली थांबवून बघत राहिले. "आता दाबा!"

"मेलं!" सोपान आतून ओरडला.

तिने पासवर्ड मागवला नाही. अडलेला प्रोग्रॅम त्याशिवाय उघडायचा मार्ग तिला माहीत होता, फक्त तो वापरायची परवानगी नव्हती, आणि आज तिने परवानगीची वाट पाहिली नाही. सेटिंगमध्ये तीस खोडून पाचशे सेहेचाळीस टाकले, म्हणजे तीस सेकंदांचे ठोके. पुन्हा फलाटावर गेली आणि पुन्हा उड्या मारल्या. सोपानने कळ दाबली. प्रोग्रॅम वाट बघत राहिला. ती दमून थांबली, तशी पावती निघाली.

सोपान पावती हातात धरून बाहेर आला. "म्हंजे माझं कायच न्हवतं."

"तुमचं काही नव्हतं."

"मग हे साहेबांना सांगा की."

"सांगते," ती म्हणाली, पण आधी तिने पुण्याला फोन लावला.

देशमाने सर घरीच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. ठोके म्हटल्यावर लगेच त्यांच्या लक्षात आलं, ते हुशार माणूस होते. "अरे हो," ते म्हणाले. "फाईल बदलायची राहिलीच. बरं केलंस. आता तो शून्याचा भागही बंद करून टाक. आणि त्यांना सांग की यंत्राची केबल सैल होती, घट्ट केली."

"केबल सैल नव्हती, सर."

"विशाखा, पुढच्या वर्षी त्यांना हिशेबखात्याचं सगळं काम द्यायचंय. आपण चुकलो म्हणून स्वतःहून सांगायची काही गरज आहे का? काम चालू झालं ना?"

"सोपानला गाडीतळावर टाकलंय त्यांनी."

"कोण सोपान?"

तिने सांगितलं. मग ते म्हणाले, "केबल सैल होती म्हटलं तरी तो सुटतोच की."

हे खरं होतं, किंवा खरं वाटण्यासारखं होतं. फोन ठेवून ती कँटीनमध्ये बसली. चहा घेतला. केबल काट्याच्या केबिनमध्येच होती, सोपानच्या पायाशी. ती सैल झाली तर कुणाच्या पायाने झाली, हे घोगरे साहेब विचारणारच. तिने आणखी अर्धा चहा घेतला. रात्रभरचं जागरण होतं, तिला शूर वगैरे काही वाटत नव्हतं, घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

घोगरे साहेब ऑफिसात आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"सापडलं, साहेब. चूक आमची आहे. आमच्या प्रोग्रॅमला वाट बघायची मुदत चुकीची दिली होती. बैल हलला की तो दोन सेकंदांतच वाट बघणं सोडायचा आणि पडायचा. सोपान लवकर कळ दाबतात म्हणून त्यांच्याच पाळीत व्हायचं. उद्या कुंडलिकनी लवकर दाबली असती तर त्यांच्याही पाळीत झालं असतं."

घोगरे साहेबांनी टोपी टेबलावर ठेवली. "म्हंजे एवढ्या रात्री मी थंडीत उठून आलो, ती तुमच्या पुण्याच्या साहेबांची कृपा?"

"हो."

"आणि हे तुमी मला स्वतः सांगताय."

"तुम्ही माणूस बदललात. चूक माणसाची नव्हती."

घोगरे साहेबांनी शिपायाला हाक मारून सोपानला निरोप पाठवला की आज रात्री काट्यावरच ये. त्याला बोलावून काही म्हटलं मात्र नाही, ना तेव्हा, ना नंतर. मग फोन उचलून पुण्याचा नंबर मागितला. विशाखा बाहेर आली. दाराआडून त्यांचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द तिने ऐकले नाहीत. बारामतीची गाडी फाट्यावर लागली होती.

पिंपळीला वडील शाळेत निघाले होते. "आज उशीर?" त्यांनी विचारलं.

"उड्या मारत होते काट्यावर," ती म्हणाली आणि झोपायला गेली. त्यांनी दप्तर खांद्याला लावलं, ती गंमत करत असावी असं समजून.

देशमाने सरांनी तिला रागाने काहीच म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला की पुण्यात एका बँकेचं काम आहे, तिकडे ये, कारखान्यावर दुसरा मुलगा येईल. हिशेबखात्याचं काम पुढे दुसऱ्याच कंपनीला गेलं. ते या गोष्टीमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

जाण्याआधी तिने एक रात्र काट्यावर काढली. शून्याची चूक तिने बंद केली होती. आता मुदत संपली आणि एकही स्थिर आकडा मिळाला नाही, तर प्रोग्रॅम न मरता पडद्यावर रोमन लिपीत ओळ दाखवायचा, वजन स्थिर नाही, पुन्हा दाबा. सोपानच्या खिडकीपुढे गाड्या नेहमीसारख्या लागल्या होत्या. एक बुजरी जोडी फलाटावर आली, त्याने कळ दाबली, आणि प्रोग्रॅम वाट बघत बसला. मागचे गाडीवान ओरडायला लागले.

"मॅडम, हे लईच दमानं झालं," सोपान म्हणाला. "पयलं बरं हुतं. पडायचं न्हाय तवा झटक्यात व्हायचं."

"बैल थांबू द्या आधी. मग दाबा."

"रांग बगा की किती हाय."

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गाडीवानाला बैलांच्या पुढ्यात जाऊन उभं राहायला सांगितलं. गाडीवान उतरला, त्याने दोन्ही वेसणी धरल्या, बैल गप झाले. पावती निघाली. सोपानने ती फाडली, हात बाहेर केला, आणि दुसऱ्या हाताने पुढचं टोकन घेतलं.